मुद्दाम चुकवलेले सवाल

मी चवथी शिकली. इंग्रजीत मले माही सई बी करता येत नाई. पण इंग्रजीच्या परीक्षेनं माह्या घरात काय काय केलं, ते मी डोळ्यानं पाह्यलं.

नात माही नर्स हाये, वर्ध्याच्या दवाखान्यात. तिचा बाप, म्हंजे माहा पोरगा, ती सहावीत असतानी गेला. माय त्याच्या आधीच गेलती. तवापासून ती माह्यापाशी, देवळीले. मी बाजारात भाजी विकली अन् तिले शिकवली. रडत बसाले मले येळ नव्हता, तिलेबी नव्हता.

मंग तिनं परदेशातल्या कॉलेजात मोठ्या नर्सिंगसाठी अर्ज केला. त्याईनं घेतो म्हटलं, पण एक अट घातली. इंग्रजीच्या परीक्षेत एकशे साठापैकी एकशे वीस पाहिजे, अन् तेबी महिनाअखेरच्या आत. नाईतं जागा दुसऱ्याले.

परीक्षा घरीच, लॅपटॉपवर. खोलीत दुसरं कोणी नाई पाहिजे, कान उघडे पाहिजे, नजर पडद्यावरून हालाले नाई पाहिजे. कॅमेरा पायत राह्यते म्हणे.

माह्या देराचा नातू नागपुरात शिकते. तो आला अन् मोठा शहाणा होऊन सांगाले लागला, "ताई, हा कॉम्प्युटर पेपर आधी छापून ठेवत नाई. तू उत्तर दिलं का त्यावरून पुढचा सवाल काढते. बरोबर दिलं तं अवघड, चुकलं तं सोपा. मंग आपून काय करावं? पहिले पाच मुद्दाम चुकवावं. सोपे सोपे येतीन, सारे बरोबर!"

"अन् मधात अवघड आला तं?" नातीनं इचारलं.

"तोबी चुकव. पुन्हा सोपा येते."

मले त्याची अक्कल भारी वाटली. शाळेत आपल्याले हेच तं शिकवलं, जितके बरोबर तितके मार्क.

परीक्षा देऊन नात बाहेर आली तं हासतच. "आजी, लहान पोट्ट्यायले येईन असे सवाल होते!" मी लगेच पेढे आणले अन् आजूबाजूच्या चार घरी वाटले.

दोन दिवसानं मार्क आले. पंच्याण्णव.

ती भिंतीले टेकून बसली. "जवळपास सारेच बरोबर होते आजी. मशीन बिघडली अशीन."

मी म्हटलं, "उठ. बिघडली का तू बिघडवली, ते इचारून येऊ."

तिले शिकवलेली इंग्रजीची मॅडम वर्ध्यालेच राह्यते. आम्ही सकाळच्या बसनं गेलो. मॅडमनं सारं ऐकलं अन् कपाळाले हात लावला.

"अगं, तुला कुणी सांगितलं हे? ही परीक्षा किती बरोबर आले ते मोजत नाही. किती अवघड प्रश्नापर्यंत तुझी उत्तरं बरोबर येतात, ते शोधते. तू सोप्यावर चुकलीस, तिला वाटलं हिला एवढंच येतं. मग सोपे शंभर सोडवलेस तरी काय?"

नात म्हणाली, "पण मॅडम, अवघड आले तं चुकतीनच न?"

"चुकू दे. चांगल्या चांगल्यांचे चुकतात. तुला येईल की नाही असा काठावरचा प्रश्नच ती मुद्दाम काढते."

नातीच्या तोंडावरून दिसे, हे तिच्या गळी उतरून नाई राह्यलं. मले मातर उतरलं. मी म्हटलं, "मी सांगू का, बाई? मी तीस वर्सं तराजू धरला. गिराइकानं कोहळं दिलं. मी एक किलो टाकलं, कोहळ्याचं पारडं खालीच. म्हंजे कोहळं किलोच्या वर. मंग मी शंभर ग्रामचं वजन घेऊन पाहीन का? त्यातून काय समजते? दोन किलो टाकीन. आता वजनाचं पारडं खाली गेलं. मंग दीड. असं करत करत काटा मधात थरथरला का तेच त्याचं वजन. वजन जड झालं म्हणून कोहळं खराब नसते होत."

मॅडम माह्याकडे पायतच राह्यली. "आजी, मी वर्गात एवढं सोपं करून सांगत नाही हो."

मी नातीकडे वळली. "अन् तू काय केलं? वजन जास्त भरून राह्यलं का कोहळ्याखाली हात लावून उचलून धरलं. कमीच भरन न!"

तिले हासू आलं. मार्क आल्यापासून पहिल्यांदा.

महिना सराले अजून पंधरा दिवस होते अन् पैसे भरून परीक्षा पुन्हा देता येत होती, म्हणून मॅडमनं मंग तिले वहीत लिहून देल्लं. मुद्दाम एकबी चुकवाचा नाई. पहिल्याच सवालात जीव अडकवून बसाचं नाई, हरेक सवालाले आपला येळ असते. एखादा चुकला तं पुढचे बरोबर देऊन भरून निघते. मांग जाता येत नाई, म्हणून मांगचा इचार कराचा नाई. येत नशीन तरी काहीतरी उत्तर द्याचं. अन् सवाल सोपा का अवघड त्यावरून आपले मार्क मोजत बसाचे नाई.

या शेवटच्यावर मॅडमनं दोनदा रेघ मारली. "हेच तुला जड जाईल."

दहा दिवस नातीनं ड्युटी करून अभ्यास केला. चुलीपाशी मी भाकरी थापे अन् ती बोले, इंग्रजीत, एकटीच. खऱ्या इंग्रजी शब्दात खोटे शब्द मिसळून देते म्हणे, खरा का खोटा ते सांगाचं. मी म्हटलं, "खोटे शब्द कायले शिकवते त्या लोकायले?" ती म्हणे, "आजी, तुले नाई कराची परीक्षा, भाकर पाय, जळली."

दुसरी परीक्षा सकाळी ठेवली, दुपारी लाइट जाते म्हणून. तिनं दार लावलं, मी उंबऱ्याबाहेर बसली. कुणाले यिऊ द्याचं नाई, आवाज कराचा नाई. शेजारीण ताक घिऊन आली, तिले हातानंच परत धाडली. देराचा नातू आला, "आजी, ताईले एक सांगाचं व्हतं..." म्हणत.

"घरी जाय," मी म्हटलं, "अन् पाच पावलं मुद्दाम चुकून जाय."

गेला बिच्चारा तोंड पाडून.

तासभरानं दार उघडलं. नातीचा कुडता घामानं वला.

"आजी, लय अवघड होतं. एक तं असा उतारा आला का अर्धे शब्द मले ठाऊकच नाई. मधात एक सोपा आला अन् मले वाटलं मी पडली. मंग मॅडमची रेघ आठोली, नाई मोजलं. पुढचा घेतला."

"मुद्दाम चुकवला का एखादा?"

"एकबी नाई. जे चुकले ते खरेच चुकले."

"मंग जेव," मी म्हटलं.

दोन दिवस तिनं मोबाईल हातचा सोडला नाई. मी इचारलं नाई. इचारून मार्क वाढत नसते. तिसऱ्या दिवशी मी वांगे निवडून राह्यलती अन् ती ड्युटीची साडी नेसता नेसता थांबली.

"एकशे पंचवीस, आजी."

मी वांगं खाली ठेवलं. "कॉलेजवाल्याईले पाठवले का मार्क?"

"आता पाठोतो."

"पहिले पाठव, मंग साडी नेस. बस जाईन तं जाऊ दे."

ती तिथंच खाटेवर टेकली, अर्धी साडी खांद्यावर, अन् पाठवले. मी उभी राहून पायत होती. मले ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती दाबत होती ते बटन मले दिसत होतं. मंग तिनं निऱ्या केल्या, डबा घेतला अन् निंगाली. आता हे पोरगी जाईन, अन् घरात मी एकटी राहीन, हे मले त्याच घडीले समजलं. मी तिले म्हटलं, "सांजच्याले येतानी मोठी ब्याग कितीले भेटते ते इचारून येजो."