तेवीस लेकरांची माय आणि एक अ‍ॅप

माझी स्वतःची मुलं दोन. दोघंही शिकून नोकरीला लागली, घराबाहेर गेली. तरी गेल्या वर्षी शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत मी तेवीस लेकरांची आई होते, आणि तीही सगळी एकाच इयत्तेत शिकणारी. असं एका कंपनीच्या संगणकाचं म्हणणं होतं, आणि संगणकाला खोटं पाडायची आपल्याकडे पद्धत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वडनेरहून आत गेलं की गाव लागतं. हिंगणघाटहून एस.टी.नं माझं येणं-जाणं. त्या वर्षी शाळेला सहा टॅब भेट मिळाले आणि त्यांच्यात मराठी वाचन शिकवणारं एक अ‍ॅप. पहिलं सत्र फुकट, पुढे दर मुलामागे वर्षाची फी, ती शाळेनं आपल्या अनुदानातून भरायची. केंद्रप्रमुखांनी सांगितलं की शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करण्याआधी वर्गशिक्षकाचा अभिप्राय पाहिजे. तिसरीच्या मुलाला जे यायला हवं ते यातून येतं का, मुलांची माहिती सुरक्षित राहते का, आणि खर्च झेपतो का, एवढं बघून लिहायचं.

मुख्याध्यापकांना अभिप्राय आधीच माहीत होता. टॅबसोबतचा फोटो त्यांनी तालुक्याच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्याला भरपूर अंगठे मिळाले होते.

"मॅडम, आपली शाळा डिजिटल झाली. तुमी फक्त चांगलं चांगलं लिहून द्या," ते म्हणाले. "आन सकाळचा पह्यला अर्धा तास अ‍ॅपले देऊन टाका."

तो अर्धा तास माझा होता. बाकीची मुलं पाटीवर लिहीत बसत आणि मी वाचता न येणाऱ्या चार जणांना जवळ घेऊन बसे. त्यात एक मुलगी होती. अक्षरं तिला सगळी ओळखू यायची, पण अक्षराला अक्षर जोडून शब्द व्हायचा नाही. 'क'ला काना दिला की 'का' हे ती सांगे, पुढचं अक्षर आलं की मागचं विसरे. चौथीत गेल्यावर पुस्तक जाड होतं आणि तिथं कोणी मांडीला मांडी लावून बसत नाही. तिला वाचायला लागायचं तर याच वर्षी, याच अर्ध्या तासात. म्हणून माझा जीव त्या अर्ध्या तासात अडकला होता. मुख्याध्यापकांना ते सांगितलं तर म्हणाले, अ‍ॅप तेच काम करते, आन थकत नाई.

मग नोंदणी झाली. प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि पालकाचा मोबाइल. त्या मोबाइलवर ओटीपी जाणार, पालकानं तो सांगायचा, की झाली पालकाची संमती. आता आमच्याकडची रीत अशी की शासनाचं कुठलंही पोर्टल भरायचं असलं की पालकाच्या रकान्यात मास्तर आपलाच नंबर टाकतात. बापाचा फोन बापासोबत वावरात, आईचा रिचार्ज संपलेला, आणि ओटीपी तर पाच मिनिटांत शिळा होतो. वर्षानुवर्षांची सवय. मी फळ्याजवळ खुर्ची टाकून बसले आणि तेवीस लेकरांच्या वतीनं तेवीस वेळा संमती दिली. स्क्रीनवर प्रत्येक वेळी आलं, 'पालकांची खात्री झाली आहे, धन्यवाद.'

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण हे पुष्कळ दिवस चाललं. चार जणांत एक टॅब, कानात वाजणारी गोष्ट, प्रत्येक उत्तरानंतर चांदण्या. ती मुलगी तर टॅब सोडेचना. दर शनिवारी अ‍ॅप वर्गाची यादी दाखवायचं आणि यादीत तिचं नाव सगळ्यांत वर. 'वाचनस्तर पाच, उत्कृष्ट.' मुख्याध्यापकांनी ती यादीही ग्रुपवर टाकली. मला म्हणाले, "पाहा, जे तुमच्यानं झालं नाई ते मशीननं केलं." मला राग आला, आणि खरं सांगते, थोडी लाजही वाटली.

मग फोन यायला लागले.

"मॅम, आपण पालक बोलताय ना?" आवाज पुण्याकडचा, गोड. "आपली मुलगी वाचनात मागे पडतेय. आमचा घरचा पॅक घेतलात तर सुधारेल."

कोणती मुलगी म्हणून विचारलं, तर नाव निघालं माझ्या वर्गातल्या सगळ्यांत चांगलं वाचणाऱ्या पोरीचं. ती दुकानातल्या पुडीचा कागदही वाचून काढते. मी विचारलं, मागे कशी? बाई म्हणाल्या, "मॅम, ती अ‍ॅपवर फार कमी वेळ देते." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पोरगी गोष्ट ऐकत बसत नसे. डोळ्यांनी वाचून दोन मिनिटांत मोकळी व्हायची, म्हणून अ‍ॅपच्या लेखी आळशी. आणि जी पोरगी अख्खा अर्धा तास दाबत बसायची ती उत्कृष्ट.

फोन येतच राहिले. कधी एस.टी.त, कधी भाजी फोडणीला टाकताना. एकदा त्याच बाईंना शंका आली. "मॅम, आपल्या नंबरवर तेवीस मुलं दिसतात?" मी म्हटलं, "हो, देवाची कृपा." त्या म्हणाल्या, "मग भावंडांची सवलत लागू होईल."

हसू आलं, पण मग घरी बसून विचार केला. हे फोन खरं तर गावातल्या बायांना जायचे होते. शाळेत भरलेला नंबर विक्रीसाठी वापरला जात होता आणि लेकरू कच्चं आहे अशी भीती दाखवून घरी माल खपवला जात होता. आमच्या रीतीमुळे सगळे फोन एकाच ठिकाणी आले, म्हणून कळलं तरी. नाहीतर आंधळं दळत राहिलं असतं. मग मी अ‍ॅपची परवानग्यांची यादी उघडली. वाचन शिकवायला त्याला आम्ही कुठे आहोत ते ठिकाण हवं होतं, फोनमधले नंबर हवे होते, आणि माइक हवा होता. माइकचं समजू शकते. बाकीचं कशाला, ते गोपनीयतेच्या लांबलचक इंग्रजी मजकुरात होतं: माहिती 'भागीदारांना' देता येईल. भागीदार कोण, ते लिहिलं नव्हतं. लहान मुलांच्या बाबतीत कायदा पालकांची खरी, तपासलेली संमती मागतो. आमची संमती तपासलेली होती, फक्त पालक तपासलेले नव्हते.

शिकण्याचं बघायला मी एक साधा प्रयोग केला. एका सकाळी टॅबचा आवाज बंद केला. गोष्ट तीच, प्रश्न तेच. यादीत सगळ्यांत वर असलेल्या त्या मुलीनं पहिला पर्याय दाबला. चूक. तो फिका झाला. दुसरा दाबला, तोही फिका झाला. आता उरलेला आपोआप लुकलुकायला लागला, तिनं तो दाबला आणि चांदणी मिळाली. आवाज चालू असताना ती गोष्ट ऐकून उत्तर द्यायची, बंद असताना लुकलुकणारं बघून. वाचायची गरजच नव्हती. मग मी तीच गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढे ठेवली, आणि दुसरी एक, कधी न पाहिलेली, चार ओळींची. दोन्हींच्या पहिल्याच शब्दावर ती अडली, शाळा उघडली तेव्हा अडायची तशीच. सगळ्या वर्गाचं असं करून पाहिलं. ज्यांना आधी येत होतं त्यांना येत होतं, ज्यांना नव्हतं त्यांना नव्हतं. ऐकून गोष्ट समजणं मात्र सुधारलं होतं, तेही मी लिहिलं, कारण ते खरं होतं.

समितीच्या बैठकीला कंपनीचा माणूस नागपूरहून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. मी अभिप्राय वाचला. तो म्हणाला, मॅडम, एंगेजमेंट बघा ना, मुलं किती रमतात. मी म्हटलं, बैलबाजारातही रमतात.

समितीचे अध्यक्ष गावातले किराणा दुकानदार. त्यांनी फीचा विषय काढला. "फी सोडा. टॅब फुटला तं कोण भरन? नेट कोणाचं? लाइन तं दुपारी राह्यतच नाई." कंपनीच्या माणसानं सांगितलं, ते शाळेकडे. अध्यक्ष म्हणाले, "म्हंजे म्हैस तुमची, चारा आमचा, आन दूधही तुमचंच." मुख्याध्यापकांनी शेवटपर्यंत खिंड लढवली, तालुक्याच्या ग्रुपवर काय सांगू म्हणून. पण फोनचं ऐकल्यावर समितीतल्या बायाच उठल्या आणि ठराव झाला. अ‍ॅप नको, माहिती पुसून टाका, टॅब ठेवायचे असतील तर नाव-नंबर न मागणारी गोष्टींची पुस्तकं त्यात घाला. माझा अर्धा तास मला परत मिळाला. त्या दिवशी घरी जाताना मी खिडकीजवळची जागा पकडून मजेत बसले होते.

माहिती पुसायलाही ओटीपी लागत होता, आणि तोही माझ्याच फोनवर येणार होता. पण या वेळी मी खऱ्या पालकांना शाळेत बोलावलं, काय गेलं होतं आणि काय पुसतोय ते एकेकाला सांगितलं. बहुतेक जण बरं म्हणून गेले. त्या मुलीची आई कापसाच्या वेचणीहून आली, साडीचा पदर खोचलेला, हात धुऊन. मुलगी माझ्या टेबलाला टेकून उभी होती. टॅबवर विचारणा आली होती, 'खातं काढल्यास सर्व चांदण्या आणि क्रमांक नष्ट होतील. खात्री आहे?'

मुलीनं मला विचारलं, "मॅडम, हे मिटवलं तं मी पह्यली होती हे कोणालेच नाई दिसणार?"

"नाही दिसणार," मी म्हटलं.

"मंग मायले एक डाव पाहू द्या."

तिनं स्वतः बोट लावून आईला यादी दाखवली. आईला ती वाचता येत नव्हती. पण वरचं नाव कोणाचं ते पोरीनं सांगितलं आणि आईचा चेहरा जो खुलला तो मला बघवेना. घरात कोणी कशात पहिलं येण्याची ही पहिलीच वेळ असावी. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"पोरगी पह्यली आली, तं मिटवून काऊन राह्यल्या मॅडम?"

केंद्रप्रमुखांना समजावलं होतं, समितीला समजावलं होतं, नागपूरच्या माणसाला गप्प केलं होतं. या बाईसमोर माझी जीभ रेटेना. मुलगी तिथंच उभी होती. तिला बाहेर पाठवावं असंही वाटलं, पण तिला ते कळलंच असतं. शेवटी मी जे होतं ते सांगितलं.

"तिले अजून वाचता येत नाई, बाई. अ‍ॅप खोटं सांगून राह्यलं होतं."

आईनं मुलीकडे बघितलं. मुलीनं मान खाली घातली. आईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली,

"मंग शिकवा ना तुमी. म्या कधी ना म्हटलं?"