डोळे मिटून पोहणं

मुलगी तेरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही शारजात अल नहदाला राहत होतो, आणि ती दुबईच्या हद्दीतल्या एका स्विमिंग क्लबमध्ये जायची. सरावात ती चांगली पोहायची. स्पर्धेच्या दिवशी मात्र तिचं पोट दुखायचं. एकदा तर शर्यतीआधी मुलांना जिथे बसवतात त्या खोलीतून ती उठून आली आणि म्हणाली, "आय कान्ट." त्या दिवशी ती पाण्यात उतरलीच नाही.

त्यानंतर क्लबच्या कोचनी शनिवारी सकाळी एक वेगळा वर्ग सुरू केला. कोच इजिप्तचे, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. शर्यतीआधी घाबरणाऱ्या सात-आठ मुलांना ते पूलच्या मागच्या सावलीत चटयांवर झोपवायचे आणि डोळे मिटायला सांगायचे. पालकांसाठी ग्रुपवर एवढाच मेसेज आला होता, की मुलं मनातल्या मनात शर्यत पोहण्याचा सराव करतील.

मला ते पटलं नाही. माझे मोठे दीर एकेकाळी 'मनाची शक्ती' शिकवणाऱ्या एका माणसाच्या नादी लागले होते. तिथेही सुरुवात डोळे मिटण्यापासूनच झाली होती. पुढे त्या माणसाला विचारल्याशिवाय ते नोकरीचा अर्जसुद्धा करेनासे झाले. त्यामुळे कुणी माझ्या मुलीला डोळे मिटायला सांगतंय म्हटल्यावर माझे कान टवकारले.

घरीही ती बदलली होती. पलंगावर पाठ टेकून बसायची, डोळे बंद, खांदे किंचित हलताहेत. मी हाक मारली तर ओ द्यायची नाही. एकदा मी दारात उभी राहून बघत होते, तर तिचा श्वास एकदम जोरात व्हायला लागला आणि तिने दचकून डोळे उघडले.

"काय झालं गं?"

"नथिंग, आई."

"कोचनी काय करायला सांगितलंय तुला?"

"आई, प्लीज. इट्स नॉट मॅजिक."

नवरा म्हणाला, "अगं, मेडिटेशन असेल. करू दे." पण 'नथिंग' म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी तिला सोडून परत न फिरता थेट आत गेले.

कोचनी मला पाहिलं. मला वाटलं, आता बाहेर थांबायला सांगतील. त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढून दिली. "बसा. फक्त मध्ये बोलू नका," ते इंग्रजीत म्हणाले. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

सुरुवात श्वासापासून झाली. नाकाने हळू आत, त्याहून हळू बाहेर. मग ते म्हणाले, "उडी मारायच्या ब्लॉकवर उभे राहा. पायाखाली काय लागतंय? खरखरीत आहे? गॉगल नाकाला कुठे दाबतोय? शिटी ऐका. स्वतःला लांबून बघू नका, तुमच्याच डोळ्यांनी बघा. यल्ला, चला." त्यांनी स्टॉपवॉच सुरू केलं. भिंतीला हात लागला असं वाटेल तेव्हा प्रत्येकाने बोट वर करायचं होतं. मनातली शर्यत खऱ्या शर्यतीइतकीच वेळ घेते का, हे त्यांना बघायचं होतं.

माझ्या मुलीचं बोट फारच लवकर वर आलं.

कोच तिच्याजवळ उकिडवे बसले. "मधला कुठला भाग गाळलास?"

ती म्हणाली, की पहिली लांबी ती नीट पोहते, पण भिंतीपाशी वळायचा टर्न आला की मनातली ती थांबते. पाण्यात उभी राहते आणि सगळे तिच्याकडे बघतात. म्हणून ती तेवढा भाग गाळून थेट शेवटावर येते. गेले कित्येक दिवस ती कोचना 'ऑल गुड' सांगत होती, आणि घरी रोज तेच बघून दचकत होती.

मी खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तुम्ही तिला रोज घाबरण्याचाच सराव करायला लावलाय."

"हो, चुकीचा सराव झालाय," कोच म्हणाले. "मी आधीच विचारायला हवं होतं."

ते इतकं सरळ कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यामुळे माझा संशय उलट वाढला. गोड बोलून गप्प करणारी माणसं मी पाहिली होती.

त्यांनी तिला सांगितलं, की आता पूर्ण शर्यत बघायचीच नाही. फक्त टर्न, तोही स्पर्धेतला नाही, रोजच्या सरावातला. चित्र बिघडलं तर थांबवायचं, मागे न्यायचं, हळू चालवायचं. मग लगेच पाण्यात जाऊन खरा टर्न मारायचा, बाहेर येऊन पुन्हा डोळे मिटायचे. सोबत शर्यतीआधीचा क्रम ठरला: दंड फिरवणं, गॉगल ओला करणं, तीन लांब उच्छ्वास, आणि मनात एकच शब्द. तो शब्द तिने मला कधी सांगितला नाही.

स्पर्धा अबू धाबीला होती, खलिफा सिटीपासून जवळच. आम्ही वर गॅलरीत बसलो. तिच्या हीटमधल्या, म्हणजे तिच्या फेरीतल्या मुली ब्लॉकमागे येऊन उभ्या राहिल्या. तिने दंड फिरवले, गॉगल ओला केला. आणि तेवढ्यात वेळ मोजणारी यंत्रणा बंद पडली. पंचांनी सगळ्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. एसीच्या गारठ्यात, वॉर्म-अपनंतरच्या ओल्या अंगाने मुली कुडकुडत होत्या. मी जिन्याने खाली धावले. पूलजवळ पालकांना सोडत नाहीत, पण कठड्याशी कोच उभे होते.

"आता काय? तिचा सगळा क्रम मोडला."

"तो ताईत नाहीये," ते म्हणाले. "मोडला तर पुन्हा सुरू करायचा. वेळ कमी असेल तर छोटा करायचा. याचाही सराव आम्ही केलाय."

माझा विश्वास बसला नाही. मी तिच्याकडे बघत राहिले. तिने टॉवेल खांद्यावर ओढला, मान खाली घातली. मला वाटलं, आता उठून माझ्याकडे येणार. पण तिचे खांदे हळूहळू वर-खाली होऊ लागले, आणि पुन्हा पुकारा झाला तेव्हा ती उठून ब्लॉककडे गेली.

ती आठ जणींत पाचवी आली. टर्न जरा भिंतीपासून लांबच झाला, पण ती थांबली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग, भीती गेली ना?"

"नो. आय वॉज स्केअर्ड द होल टाइम," टॉवेलने केस पुसत ती म्हणाली. "पण पुढे काय करायचं ते मला माहीत होतं."

निघताना मी कोचना गाठलं. मनात होतं तेच विचारलं. हे तुमच्या वर्गामुळेच झालं, हे कशावरून?

त्यांनी जरा विचार केला. "नक्की नाही सांगता येणार. काल ती नीट झोपली होती. आजची हीटही फार कठीण नव्हती. आणि ती सहा महिन्यांनी मोठी झालीय." मग म्हणाले, "पण शनिवारी पाठवा तिला. तुम्हीही या, खुर्ची आहे."

मी गेले. त्यापुढचे बरेच शनिवार जात राहिले, पर्स मांडीवर धरून, ते प्रत्येक मुलाला काय सांगतात ते कान देऊन ऐकत. शेवटी एक दिवस मुलीनेच मला बाहेर काढलं. "आई, तू बघत असलीस की मला माझ्या डोळ्यांनी बघता येत नाही," ती मराठीत म्हणाली. त्या दिवशी मी गाडीत एसी लावून बसले, आणि वर्ग सुटेपर्यंत आरशातून क्लबच्या दाराकडे बघत राहिले.