माफीपत्राचं इंग्रजी

दिंद्रुड रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये मी मॅनेजर होतो. माझं मराठी पत्र असं असायचं की वाचता वाचता साहेब लोक रडत, आणि डोळे पुसायच्या आधी सही करत. इंग्रजीपुढं मात्र माझी बोबडी वळायची. आमच्या कापसाच्या गाठी जायच्या तमिळनाडूकडच्या एका सूतगिरणीला, आणि त्यांच्याशी सगळं इंग्रजीत. म्हणून मालकानं संभाजीनगरच्या एक अनुवादक बाई धरल्या होत्या.

या बाईंची एक खोड होती. पत्र पाठवलं की त्या आधी भाषांतर करत नसत, फोन करत. पत्र कोण वाचणार? वाचून त्यानं काय करावं असं तुम्हाला वाटतं? सूर कसा हवा? आणि गाठ, सरकी, कवडी या आमच्या धंद्यातल्या शब्दांना आधीच्या करारात काय म्हटलंय, तो करार पाठवा. पोरीचं स्थळ बघणारा बापसुद्धा एवढी चौकशी करत नसेल. मालक कंटाळून म्हणायचा, "बाईला तूच सांभाळ बे." म्हणजे पत्र कुणाचंही असो, बाईंना सांगणार मी.

एका हंगामात आमच्या ट्रकमधल्या गाठी सोलापूरच्या पुढं अवकाळीत भिजल्या. गिरणीनं लिहिलं, माल ओला आलाय, पुढचा करार हवा असेल तर ज्यानं माल पास केला त्या माणसाचा लेखी खुलासा पाठवा. तो माणूस म्हणजे आमचा ग्रेडर. मेंढरांमागं फिरत वाढलेला, उमापूरकडचा. मुठीत कापूस धरला की त्याची ओल तो असा सांगायचा की यंत्राला लाज वाटावी. तरी बिचारा प्रत्येक गाठीला यंत्र लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. आकडे सगळे बरोबर होते. फाटकी होती ती ट्रकची ताडपत्री, आणि ट्रक माझ्या मेव्हण्याचा. त्याला काम मीच देत होतो.

मालक म्हणाला, "खुलासा पटला तर ठीक. नाहीतर ग्रेडर घरी."

ग्रेडरनं रात्रभर बसून नव्हे, भर दुपारी वजनकाट्याच्या खोलीत माझ्यासमोर पत्र लिहिलं. आमच्या भागात मोठ्या माणसाला लिहायची जी रीत, त्याच रीतीनं. सुरुवातीलाच 'आमच्या हातून चूक झाली, लेकरू समजून पदरात घ्या'. मी अडाणी, तुम्ही जाणते, पायावर डोकं ठेवतो. आमच्याकडं लग्नपत्रिकेत सुद्धा माणूस आधी चुकीची माफी मागतो आणि मग जेवायला बोलावतो. ही माफी कुणी खरी धरत नाही. असलं सगळं झाल्यावर शेवटी एक ओळ: 'यंत्रावर ओल बरोबर होती, वाटेत ताडपत्री फाटलेली होती असं ड्रायव्हर म्हणाला.'

सगळं पत्र त्या एका ओळीसाठी होतं, हे मला त्याच्याइतकंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"हे पत्र कोण वाचणार?"

"गिरणीचे मालक. म्हातारे, देवभोळे गृहस्थ आहेत," मी म्हणालो. खरं म्हणजे ते जाणार होतं गिरणीच्या माल तपासणाऱ्या खात्याकडं, जिथं शब्दागणिक खूण करणारी माणसं बसतात.

"त्यांचं तक्रारीचं पत्र मला पाठवाल? त्यांनी जे शब्द वापरलेत तेच मी वापरीन."

"ते सापडत नाही." ते माझ्या कोपराखाली होतं.

"बरं. सुरुवातीला चूक झाली असं लिहिलंय. हे सौजन्य आहे की कबुली? मराठी वाचणाऱ्याला कळेल. पण इंग्रजीत तसंच ठेवलं तर ती कबुली होते. सौजन्य असेल तर तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल खेद वाटतो, एवढंच लिहीन."

बाईंनी माझ्यापुढं दार उघडून ठेवलं होतं. मी ते नीट ओढून घेतलं.

"कबुली. आणि सूर नम्रच ठेवा."

"मग शेवटची ताडपत्रीची ओळ त्या कबुलीच्या विरुद्ध जाते."

"ती गाळा."

"मी माझ्या मनानं गाळत नाही. तुम्ही मूळ पत्रातून काढून सही करून पाठवा."

मी ग्रेडरला बोलावलं. म्हणालो, त्या लोकांना बहाणे आवडत नाहीत, शेवटची ओळ खोड, नाहीतर तुझं काही खरं नाही.

"सायेब, मग माझी बाजू कुठं राह्यली?"

"बाजू मी बाईंना तोंडी सांगितलीय."

त्यानं पट्टी घेतली आणि ओळीवर इतकी सरळ रेघ मारली की मला वाटलं, आकड्यांच्या वहीत रकाना आखतोय. मग सगळं पत्र स्वच्छ कागदावर पुन्हा लिहून सही केली. मला म्हणाला, "तुमी हाय म्हणून बरं हाय."

इंग्रजी पत्र अप्रतिम झालं होतं. मालकाच्या पुतण्यानं वाचून अर्थ सांगितला तेव्हा मालक म्हणाला, "लई गोड." गिरणीचं उत्तर चार दिवसांत आलं. तुमच्या ग्रेडरनं चूक लेखी मान्य केली आहे, यापुढं आमच्या मालाला त्याचा हात लागू नये, करार चालू राहील. त्याच दिवशी मालकानं त्याला घरी पाठवलं. तो माझ्या टेबलाशी येऊन माझ्याही पाया पडला, आणि मी पडू दिलं.

पंधरा दिवसांनी तो परत आला. आदिलाबादकडच्या एका जिनिंगला ग्रेडर पाहिजे होता, अर्ज इंग्रजीत हवा होता. म्हणाला, "तुमीच सांगा ताईंना. तुमाला जमतं." त्यानं ऑफिसातून घेतलेला बाईंचा नंबर स्वतःच्या मोबाईलवर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

अर्ज कुणाचा ते मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "या वेळी ज्यांचा अर्ज त्यांच्याशीच बोलते. दादा, वाचणारा विचारील, मागचं काम का सुटलं. काय लिहू?"

"माझ्या हातून चूक झाली, असं लिवा."

"झाली होती का?"

"न्हाई ताई. वहीत आकडे हायेत."

"मग त्या पत्रात झाली असं कावून लिहिलंत?" संभाजीनगरच्या बाईंच्या तोंडून 'का'च्या जागी आमच्या गावाकडचं 'कावून' निघालं तेव्हाच मला खुर्ची टोचायला लागली.

"मोठ्या माणसाला आमी तसंच लिवतो."

मग बाई सावकाश म्हणाल्या, "मी विचारलं होतं, हे सौजन्य आहे की कबुली. मला कबुली म्हणून सांगितलं गेलं. ते मी जिनिंगच्या मेलवर कळवलंही होतं."

ग्रेडरनं माझ्याकडं पाहिलं. मेंढरं मोजणारा माणूस कळपाकडं बघतो, तसं. एक कमी आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं.

"सायेब, तुमी काय सांगितलंत ताईंना?"

आयुष्यभर तोंडाला येईल ते सांगून निभावत आलेला मी. त्या वेळी तोंडाला जे आलं ते असं: "बाईंचं मराठी जरा कच्चं आहे."

फोन चालूच होता.

त्यानं स्पीकर बंद केला, मोबाईल कानाला लावला आणि बाहेर काट्याजवळ जाऊन उभा राहिला. काचेतून मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. माझ्याशी सगळ्या वर्षांत मिळून तो एवढं बोलला नव्हता. बाई विचारत असणार आणि तो सांगत होता, एकेक करून, बोटांवर मोजत.