टाइलमागची फुसफुस

मामांना ऐकू कमी येतं. जेवायला मामी तीनदा हाका मारते, तेव्हा कुठे ते उठतात. पण जन्म नळदुरुस्तीत गेलेला माणूस, म्हणून भाचीने भाड्याचा फ्लॅट बघायला त्यांनाच नेलं.

एजंटचं नव्या टाइल्सचं कौतुक संपेना. मामांनी शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडला. धार बारीक झाली नाही. काठोकाठ भरलेलं बेसिन सोडलं, पाणी झरझर गेलं. भाचीचा जीव भांड्यात पडला.

मग फ्लशची टाकी भरू देऊन, सगळे नळ बंद करून मामा पाण्याच्या मीटरसमोर उकिडवे बसले. त्यातलं लाल चाक हळूहळू फिरत होतं.

“नळ बंद, मग पाणी पितंय कोण?”

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर भिंतीला टेकवला, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. असं वीतवीत सरकत ते बाथरूमच्या कोपऱ्यात थांबले.

“इथे.”

भाचीने मूठ स्वतःच्या कानाला लावली. कोरड्याठाक टाइलमागे बारीक फुसफुस चालू होती. तिच्या अंगावर काटा आला.

“मालकांना सांगतो,” एजंट पडेल आवाजात म्हणाला.

मामांनी कानामागे हात धरला. “काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला.”