उलटा ट्रान्झिस्टर आणि बोंबलांचं वाळवण

सरावलीच्या आमच्या चाळीत दिवसा झोपणाऱ्या पुरुषांची संख्या कमी नव्हती. औद्योगिक वसाहत तीन पाळ्यांत चालायची, तेव्हा कोणाच्या ना कोणाच्या दारात सकाळी सातला रात्रपाळीच्या चपला पडलेल्या असायच्या. आमच्याही दारात असायच्या. माझे यजमान एका कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात मशीनवर होते. फरक एवढाच की शेजारचे घोरायचे आणि आमचे छताकडे बघत पडायचे.

कारण भिंतीपलीकडे होतं. तिथे ग्रिलं आणि दारं बनवणाऱ्याचं दुकान होतं. आठला हातोडा सुरू. एक ठोका, मग शांतता, मग तीन ठोके, मग कोणीतरी ‘अरे पकड, पकड!’ म्हणून ओरडणार. ह्यांचा डोळा लागतो न लागतो तोच पुढचा ठोका. त्या हिवाळ्यात हे दोनदा मशीनपाशी पेंगताना सापडले. पाळीच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा दिसलात तर गेटच्या बाहेर. मला नोकरीपेक्षा बोटांची धास्ती होती. कापड ओढून घेणारे रूळ माणूस आणि कापड यांत फरक करत नाहीत.

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. तारापूरच्या पुढे किनाऱ्यालगत त्यांचं गाव. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं होतं. त्यांनी येताना ओले बोंबील आणले आणि पुढच्या आठवड्यापासून गावाहून येणाऱ्या कोणाकडूनही मागवू लागल्या. दारासमोर दोरी बांधून बोंबील त्यावर वाळत घातले की त्यांना घर घरासारखं वाटायचं. चाळीतल्या बाकीच्यांना काय वाटायचं ते मी विचारलं नाही. त्यांची रोजची तक्रार एकच.

‘‘माना इकडं झोप येत नाय गो.’’

‘‘वय झालं आई, झोप कमीच होते,’’ मी म्हणायची आणि कामाला लागायची. मुलाची झोप नोकरीवर उठली होती, आईच्या झोपेला कोण विचारतो!

माझं काम म्हणजे रेडिओ-टेप दुरुस्ती. आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स मी केला होता, वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. पुढच्या खोलीत खिडकीजवळ माझं टेबल. लोक आधी विचारायचे, ‘मेकॅनिक कुठायत?’ मी म्हणायची, ‘जेवायला गेलेत, तुम्ही मशीन ठेवून जा.’ संध्याकाळी दुरुस्त झालेलं मशीन हातात देताना त्यांचं तोंड बघण्यात मला फार गंमत वाटायची.

एकदा जेवताना हे म्हणाले, ‘‘कारखान्यात एवढा गडगडाट असतो, तिथे झोप येते. घरी एका हातोड्याने उडते. माझंच डोकं फिरलंय.’’

डोकं फिरलेलं नव्हतं, उलट माझं चालू लागलं. मशीनचा आवाज मोठा असतो, पण एकसारखा. कान त्याला सरावतो आणि सोडून देतो. हातोड्याचा आवाज लहान, पण अचानक. झोप आवाजाने मोडत नाही, आवाजातल्या बदलाने मोडते. म्हणजे हातोडा बंद करायची गरज नव्हती, तो बंद होणारही नव्हता. त्याच्या खाली एक सपाट, न बदलणारा आवाज अंथरायचा होता, म्हणजे ठोका त्यात रुतला असता.

पहिला प्रयोग फुकटातला. रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवला. छान सूं-सूं येऊ लागली. पण पलीकडे वेल्डिंग सुरू झालं आणि रेडिओ तडतडू लागला. ज्याच्यापासून वाचायचं त्यालाच घरात बोलावलं होतं मी.

मग मला आमच्या सरांनी वर्गात केलेली एक गंमत आठवली. ट्रान्झिस्टरचे दोन पाय जाणूनबुजून उलटे जोडायचे, तिसरा मोकळा सोडायचा आणि त्याला पेलवत नाही इतका विजेचा दाब द्यायचा. आत विजेची गळती सुरू होते, तीही अगदी बेशिस्त. ती वाढवून स्पीकरला दिली की सूंऽऽ. नऊ व्होल्टची एक बॅटरी नवी असताना पुरली, थोडी उतरल्यावर आवाजच बंद. म्हणून दोन एकापुढे एक जोडल्या. सगळे ट्रान्झिस्टर सारखा आवाज करत नाहीत हेही तेव्हा कळलं. काही मुके, काही पोटात गॅस झाल्यासारखे गुडगुडणारे. डब्यातले चौदा तपासले तेव्हा एक मनासारखा सापडला. त्याचा आवाज मी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरला, टू-इन-वनमध्ये घातला आणि ऐटीत ह्यांच्या उशाशी ठेवला.

हे दोन मिनिटांनी म्हणाले, ‘‘कानात भजी तळतेयस का?’’

राग आला, पण खरं होतं. हा झाला पांढरा आवाज. त्यात प्रत्येक कंपनसंख्येला सारखाच वाटा असतो. ऐकायला न्याय्य वाटतं, पण वरच्या प्रत्येक सप्तकात खालच्याच्या दुप्पट कंपनसंख्या बसतात, त्यामुळे वरच्या सप्तकाच्या पदरात दुप्पट पडतं. कानाला तो तीक्ष्ण लागतो. मला स्वतःला तो आवडायचा. बारीक सोल्डरिंग करताना हेडफोनवर हाच लावला की चाळीतली भांडणं ऐकू येत नसत आणि नजर सांध्यावरून हलत नसे. पण जागं राहून काम करायला जो चालतो, तो झोपवायला चालेलच असं नाही.

शिवाय दुसरा घोळ. पंचेचाळीस मिनिटांनी कॅसेटची बाजू संपली, बटण खट्कन वर आलं आणि शांतता पसरली. त्या शांततेने हे उठून बसले. म्हणून कॅसेट रद्द. टू-इन-वनला बाहेरून आवाज देण्याची जी खाच होती, तिथे मी ट्रान्झिस्टरचं ते सर्किट एका डबीत बसवून ती डबी थेट जोडली. तिला बाजू उलटावी लागत नव्हती.

तीक्ष्णपणा काढायला आधी आळस केला आणि एकच कपॅसिटर लावला. त्याने वरचे आवाज नको तितके कापले. वरच्या प्रत्येक सप्तकाला आवाज जेवढा उतरायला हवा त्याच्या दुप्पट उतरू लागला. सूं-सूंचं घूं-घूं झालं, डोक्यावरून गोधडी घेतल्यासारखं, आणि हातोडा वरून स्पष्ट वाजत राहिला. मग नीट बसून रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या चार पायऱ्या जोडल्या. प्रत्येक पायरीने थोडं थोडं कापायचं, म्हणजे प्रत्येक सप्तकाला सारखा वाटा राहतो. याला गुलाबी आवाज म्हणतात, असं सरांनी सांगितलं होतं. तो भरीव होता, मऊ होता आणि ह्यांनी काही टोमणा मारला नाही. त्या दिवशी ते साडेतीन तास झोपले.

इथे थांबायला हवं होतं. अति तिथे माती हे मी लहानपणापासून ऐकलेलं, पण हात शिवशिवत होते. साडेतीनचे सहा तास करायचे, तर आवाज आणखी गोड हवा, असं माझ्या मनाने घेतलं. पावसात माणसाला किती छान झोप लागते! मग मी पाऊस करायला घेतला. गुलाबी आवाज खाली तसाच. वरती दुसरा एक गुडगुड्या ट्रान्झिस्टर आणि त्याच्या वाटेत एक डायोड, म्हणजे आवाजातली सगळ्यात उंच टोकं तेवढी निसटून पुढे जाणार. टप... टपटप... टप. टोकं कधी येतील याला नेम नसल्यामुळे थेंब मोजता येत नव्हते, अगदी खऱ्यासारखे. पत्र्यावरचा पाऊस हुबेहूब जमला. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आतल्या खोलीत झोपले. सासूबाई दाराजवळ भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. मी बटण फिरवलं आणि टेबलावर येऊन बसले. दहा मिनिटं झाली असतील.

‘‘अगो, पाऊस! बोंबील भिजतान!’’

सासूबाई उठल्या त्या पदर खोचतच धावल्या. मी ‘आई, अहो आई’ म्हणेपर्यंत आतून हेही लुंगी सावरत बाहेर. डोळे मिटलेले, पण हात सराईत. माय-लेकांनी दोरीवरचे बोंबील सपासप ओढून टोपलीत भरले, वर गोणपाट टाकलं, टोपली घरात आणली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ग्रिलवाल्याच्या माणसांनी हातोडे थांबवले. तेवढ्यापुरती खरीखुरी शांतता मिळाली, पण झोपायला कोणी जागेवर नव्हतं.

चाळ पोट धरून हसली. ‘‘भाभी, इधर भी थोडा बारिश गिराव,’’ असं पलीकडून कोणीतरी ओरडलं. मीही हसले, पण ह्यांचे तांबारलेले डोळे पाहिले आणि हसू विरलं. रात्री ह्यांना पुन्हा रुळांपाशी उभं राहायचं होतं आणि झोप झाली होती दहा मिनिटं. माझ्या हौसेपायी.

‘‘लहानपणी पाऊस वाजला की आई लाथ घालून उठवायची,’’ हे म्हणाले. ‘‘एक सर, आणि अख्खं वाळवण कुजलं.’’

मला कोणी असं उठवलं नव्हतं. माझ्या माहेरी मासळी नव्हती, वाळवण म्हणजे चार पापड. पावसात अंग चोरून झोपायचं सुख माझं होतं, ते मी ह्यांच्या उशाशी नेऊन ठेवलं होतं. सर्किटात चूक नव्हती, माझ्यात होती. मला फार वाईट वाटलं आणि तसं मी बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, ‘‘जाऊ दे, पाऊस मात्र झकास होता.’’

त्याच दुपारी डायोड आणि गुडगुड्या काढून टाकले. राहिला नुसता गुलाबी. या वेळी आवाजही कमी ठेवला, हातोडा पूर्ण बुडवायला नाही, त्याची धार बोथट होईल इतकाच. ती रात्र मी जागून काढली. सकाळी सातला चपला दारात पडल्या, दहा बोटं मी नजरेनेच मोजली. त्या दिवशी हे पाच तास झोपले, आठवड्याभरात सहा. महिना उलटला तरी साहेबांना तिसऱ्यांदा पेंगणारा माणूस सापडला नाही. उलट नवीन पोरांना मशीन दाखवायचं काम ह्यांच्याकडे आलं.

मग एके दिवशी एक गिऱ्हाईक टेप घेऊन आलं. तपासायला मला टू-इन-वन हवा होता. हे गाढ झोपले होते, म्हटलं दोन मिनिटांनी काय होतंय. मी डबीचं बटण बंद केलं.

आत ह्यांनी कूस बदलली, पण उठले नाहीत. उठल्या त्या सासूबाई. दाराजवळ भिंतीला टेकून नव्हे, चक्क चटईवर आडव्या, डोक्याखाली हात घेऊन झोपल्या होत्या. महिनाभर त्यांनी ‘झोप येत नाय’ म्हटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी त्यांना विचारलंच नव्हतं कधी. चाळीस-पन्नास वर्षं त्या ज्या घरात झोपल्या, त्याच्या मागच्या दाराशी समुद्र होता, दिवसरात्र, एकसारखा.

त्या उठून बसल्या, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘दर्या कुनी बंद केला गो?’’

गिऱ्हाइकाला मी उद्या यायला सांगितलं.