दिलगिरीच्या मेलमधलं जेवण

माझ्या वहिनीने आमच्या जबलपूरला संगमरवरी तुळशी वृंदावनं विकायला घेतली तेव्हा बाबांनी त्याला 'खटाटोप' हे नाव दिलं आणि ते कायम ठेवलं. "सूनबाईचा खटाटोप कुठवर आला?" असं ते रोज चहाला विचारत. वहिनी हसून दाखवत असे. मला मात्र राग यायचा, कारण त्या खटाटोपाचं सगळं टायपिंग माझ्याकडे होतं.

त्या वर्षी नागपूर-पुण्याकडून पहिल्यांदाच भरपूर ऑर्डरी आल्या. तुळशीच्या लग्नाआधी माल पोचवू, असं आम्ही छातीठोकपणे लिहून दिलं होतं. आणि आमचा कारागीर दिवाळीला इथल्याच पाटणजवळच्या त्याच्या गावी गेला, तो धान कापणीत अडकला. फोन केला की म्हणे, "बस दीदी, परसों." हा परसों आठवडाभर चालला.

"लोकांनी ऑर्डरी रद्द केल्या तर मी दुकान बंद करून ट्यूशन घेईन," वहिनी म्हणाली. ती हे गमतीत म्हणत नव्हती. त्याआधी सगळ्यांना माफीची मेल जायला हवी होती, वर इंग्रजी आणि खाली मराठी.

इंग्रजी मी दहा मिनिटांत लिहिलं: आधी माफी, मग एका ओळीत कारण, नवी तारीख, थांबायचं नसेल तर पूर्ण पैसे परत, आणि वहिनीचा फोन नंबर. मराठीत मात्र माझ्या बोटांतून आलं ते असं: 'आपणांस झालेल्या असुविधेबद्दल आम्हांस खेद आहे.'

वहिनीने वाचलं. "अच्छा, ये तो प्लॅटफॉर्म नंबर चार वाली बाई बोल रही है."

मग बाबांकडे जाणं आलं. बाबा निवृत्त मराठी शिक्षक. त्यांनी चष्मा पुसला, मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन घेऊन बसले. तासाभराने पान भरलं. सुरुवात 'सप्रेम नमस्कार', मग सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा, मग कारागिराच्या धानाचा सविस्तर वृत्तांत.

"बाबा, ही मेल आहे. सोयरिकीचं पत्र नाही."

"लग्नाचंच काम आहे ना? मग?" ते म्हणाले. "आणि घाबरता काहून? तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लागतं. पौर्णिमेआधी देतो म्हणून लिहा."

हे आमच्या दोघींच्या डोक्यात आलंच नव्हतं. नवी तारीख आम्हाला फुकटात मिळाली. इंग्रजीतही मी तीच घातली.

बाकी धान मी कापलं. प्रकृती उडवली. पण 'जबलपूरला आलात तर आमच्याकडे जेवूनच जावे, हे आग्रहाचे निमंत्रण' यावर बाबा अडून बसले. आणखी एक वाक्य मी दोनदा खोडलं, दोन्ही वेळा त्यांनी खुर्चीमागे उभं राहून परत टाइप करायला लावलं. वहिनी खोकी आणायला बाहेर गेली होती. इंग्रजी तिने पाहिलं होतं आणि मराठी तिने आमच्यावर सोडलं होतं. मी वैतागून मेल पाठवली.

इंग्रजी वाचणाऱ्यांची उत्तरं 'ओके' अशी आली. एकाने पैसे परत मागितले, ते त्याच दिवशी दिले. मराठी वाचणाऱ्यांपैकी उशिराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. 'रविवार चालेल का?' 'आम्ही कांदा-लसूण खात नाही.' एका आजींनी विचारलं, घरी जिना किती पायऱ्यांचा आहे?

"तुम्ही लिहिलं तरी काय?" वहिनीने मला विचारलं. मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा पेपरात घुसले.

कारागीर शेवटी आला, पॉलिश झालं, पुण्याची खोकी रवाना झाली. आणि रविवारी नागपूरचं एक जोडपं खरंच दारात गाडी घेऊन हजर. "जेवायला आलो. वृंदावनही घेऊन जाऊ, शेजारणीचंही द्या."

वहिनी घामाघूम होऊन पोळ्या लाटत होती. बाबा स्वतः वरण वाढत होते, जे त्यांनी माझ्या आठवणीत कधी केलेलं नव्हतं.

"रद्दच करणार होतो हो," पाहुणे म्हणाले. "पण हे वाचून हिची हिंमत झाली नाही." त्यांनी मोबाइल काढून मोठ्याने वाचलं: "हा आमच्या सुनेचा व्यवसाय आहे. उशीर झाला ही आमची चूक, पण तिच्या कामात खोट निघायची नाही, ही माझी हमी."

वहिनीचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, तरी ती बाबांकडेच बघत होती. माझा दोनदा खोडण्याचा पराक्रम आठवून मला स्वतःचीच लाज वाटली. बाबांनी पाहुण्यांच्या पानात वरण वाढलं, मग परत वाढलं, पार ताटाबाहेर जाईपर्यंत.

"बाबा," वहिनी म्हणाली, "पुढची मेलही तुम्हीच लिहा."

"काहून?" बाबा वरणाच्या पातेल्यात बघत म्हणाले. "व्यवसायात पुढच्या वर्षीही उशीरच करून राहिली का?"