येळवशीचा चार ओळींचा मेसेज

निलंग्यात भागवत किराणावाल्याचा नंबर पाठ नाही असं घर सापडायचं नाही. दुकानाच्या पाटीवर बारा वर्षांपासून तोच रंगवलाय. पण गेल्या वर्षीच्या दिवाळीत या बाबानं त्या नंबराची जी हालत केली, ती सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

व्हॉट्सॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते, हे त्याला कुणीतरी शिकवलं. एकदा लिहायचं, यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं जातं. फक्त समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला पाहिजे. भागवतला चेव आला. सकाळी सहाला पणतीचं चित्र, दुपारी 'धमाका', रात्री फटाक्यांचा व्हिडिओ. पाच दिवस! लोकांनी ब्लॉक केलं, काहींनी तक्रार ठोकली, आणि व्हॉट्सॅपनं दोन दिवस नंबरच बंद ठेवला. दोन दिवस हा माणूस बंद फोनकडं बघत गल्ल्यावर बसून होता. त्या धास्तीनं यंदाच्या दिवाळीत त्यानं चकार शब्द पाठवला नाही.

पण येळवस चुकवून कसं चालेल? येळवस म्हणजे वेळा अमावस्या; त्या दिवशी अख्खं निलंगा शेतात पूजेला असतं, भज्जी आणि आंबिलावर. त्याआधीच्या चार दिवसांत बेसन, शेंगदाणे, तीळ खपले तर खपले.

"पुन्हा नंबर बंद पडला तर पाटी नवी रंगवावी लागंल, सिंधु," भागवत बायकोला म्हणाला. "आन् आता नव्या नंबराला कोण ओळखणार?"

"मंग कमी बोला की," सिंधु म्हणाली. "घरात बोलता तेवढंच."

मी नेहमीसारखा दुकानातल्या पोत्यावर बसलो होतो. हसलो, तर दोघंही माझ्यावरच डाफरले.

पहिला मसुदा भागवतनं वाचून दाखवला. त्यात नऊ फुलं, तीन नमस्कार आणि 'आपल्या सेवेशी सदैव तत्पर' होतं. सिंधुनं भाजी निवडावी तसं एकेक खुडून काढलं. उरलं ते इतकंच:

'येळवशीसाठी बेसन व शेंगदाण्यावर किलोमागं दहा रुपये कमी. गुरुवार रात्री आठपर्यंत. लिस्ट पाठवा, सामान बांधून ठेवतो. मेसेज नको असेल तर "नको" लिहा, नाव काढतो. भागवत किराणा.'

"हे तर लईच उघडं दिसून राहिलंय," भागवत म्हणाला.

"लोकायला सामान पाहिजे, तुमचं काव्य न्हाई."

मग खरं काम सुरू झालं. दोनशे चौदा नावं, एकेक करून. यंदा ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी सण नाही. कोण गेलं हे भागवतला नगरपालिकेच्या आधी कळतं. तेराव्याचं सामान त्याच्याच दुकानातून जातं. अकरा नावं काढली. डोळे चोळत, पाठ दाबत, दर नावाला उसासा.

गुणाबाईंच्या नावावर बोट थांबलं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांचे मालक गेले आणि बाराव्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना याच्या फटाक्यांचा व्हिडिओ वाजला होता. त्या दिवसापासून त्यांच्या नावापुढं एकच टिक, म्हणजे ब्लॉक. तीस वर्षांचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जातं.

"काकूला जात तर न्हाईच," म्हणत त्यानं तेही नाव काढलं. आवाज अगदी उतरलेला.

अकरा वाजता, बायकांचा सैपाक आटोपल्यावर मेसेज गेला. एकदाच. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस लिस्टा आल्या आणि सात 'नको'. दर 'नको'ला भागवत 'बरं' लिहायचा, नाव काढायचा आणि पाणी प्यायचा. नंबर मात्र चालू होता. दर घटकेला तपासत होता.

आता मी गप्प बसेन का? घरी जाताना गुणाबाईंच्या ओट्यावर टेकलो. "भागवतनं सगळ्यायला मेसेज केला. तुमचं नाव काढलं म्हणं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुणाबाई दुकानाच्या पायरीवर.

"काऊन रे भागवत, मला का न्हाई कळविलं?"

भागवत उठून उभा राहिला. "काकू, तुमच्या घरी यंदा सण..."

"वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले. यंदा येळवशीला शेतात चालले मी."

वर्ष उलटल्याचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. श्राद्धाचं सामान दुसऱ्या दुकानातून गेलं होतं. भागवत पायरीपाशी आला. "काकू, त्या दिवशीचं चुकलं माझं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या आणि फोन पुढं केला. "मला जमत न्हाई. तूच काढ ते ब्लॉक."

भागवतनं त्यांच्या फोनातली ब्लॉकची यादी उघडली. दोनच नावं: एक कर्ज देणारी कंपनी आणि 'भागवत दुकान'. मी मान लांब करून वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं. सिंधु पदर तोंडाला लावून हसू दाबत आत गेली.

भागवतनं नाव मोकळं केलं, आपल्या यादीत पुन्हा टाकलं आणि चार ओळी पाठवल्या. दोन टिक आल्या. गुणाबाईंनी फोन लांब धरून वाचलं.

"फुलं न्हाईत?"

"न्हाईत, काकू."

"बरं हाय. बेसन दोन किलो दे."

तो तागडीपाशी वळला आणि बेसन तोलू लागला.